क्रिएटिनचं पाणी कोणतं आणि पाळीचं कोणतं: माझा अनुभव

क्रिएटिन ही ताकदीच्या व्यायामासोबत घेतात ती पूरक पावडर. सुरू केल्यावर ती सोडून द्यावीशी वाटते ती पाळीच्या आधीच्या आठवड्यात. तेव्हा काटा दीड-दोन किलो वर गेलेला असतो, पॅन्टची कंबर घट्ट होते आणि सगळा दोष त्या पांढऱ्या पावडरीवर येतो. त्यातलं पाळीचं किती आणि क्रिएटिनचं किती, हे वेगळं काढता येतं. मी ते ज्या पद्धतीने काढलं, ती इथे लिहिते.

आधी मोजण्याची अडचण. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतलं, तर स्नायूंमधला साठा पूर्ण भरायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. पाळीचं चक्रही जवळपास तेवढंच. म्हणजे साठा हळूहळू चढत असतो आणि त्यासोबत स्नायू पाणी ओढत असतात, त्याच काळात पाळीच्या चक्रामुळे शरीर नैसर्गिकरीत्या पाणी धरतं आणि सोडतं. दोन्ही गोष्टी एकाच काट्यावर उमटतात. त्यामुळे या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना केली की हमखास गल्लत होते. तुलना करायची ती एका चक्रातल्या दिवसांची, दुसऱ्या चक्रातल्या त्याच दिवसांशी.

म्हणून डबा उघडण्याआधी दोन पूर्ण चक्रं नुसती नोंद ठेवायची. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जणी नेमका तोच गाळतात. पण आपली स्वतःची लाट किती उंच असते हे माहीत नसेल, तर पुढच्या आकड्यांना अर्थच उरत नाही. कुणाचं वजन पाळीआधी अर्धा किलो वाढतं, कुणाचं दोन.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, त्याच काट्यावर. एकेका दिवसाच्या आकड्याकडे मी बघत नाही. प्रत्येक चक्रातून फक्त दोन सरासऱ्या काढते. पहिली सरासरी सहाव्या ते दहाव्या दिवसाची (रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस). तिला मी ‘तळ’ म्हणते, कारण तोवर पाळीचं पाणी उतरलेलं असतं आणि पुढचं चढायला सुरुवात झालेली नसते. दुसरी सरासरी पाळीआधीचे तीन दिवस आणि पाळीचा पहिला दिवस यांची. ती ‘शिखर’. पहिला दिवस मुद्दाम धरलाय. पाळी आली की फुगवटा लगेच ओसरतो असं वाटतं, पण तो सर्वांत जास्त जाणवतो तो बहुधा त्याच दिवशी.

शिखर मागे वळून ठरवायचं. पाळी येईपर्यंत तिच्या आधीचे तीन दिवस कोणते हे कळत नाही, म्हणून टप्प्यांची नावं वहीत नंतर लिहायची. चक्र लांबतं किंवा आखडतं ते मुख्यतः पूर्वार्धात. बीजविमोचनानंतरचा उत्तरार्ध बहुतेकींचा बारा ते चौदा दिवसांचा, बराचसा ठरलेला असतो. म्हणून ‘चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन’ असं गृहीत धरून चालत नाही. बीजविमोचनाआधी वाढणारं एलएच हे संप्रेरक लघवीत दाखवणारी किट वापरायची. ती पॉझिटिव्ह आली की साधारण २४ ते ३६ तासांत बीजविमोचन होतं. खात्रीसाठी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तापमान घ्यायचं, ते ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जाऊन सलग तीन दिवस तिथेच राहिलं, म्हणजे उत्तरार्ध सुरू झाला. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे सगळं लागू होत नाही. त्या रक्तस्रावाच्या आधी बीजविमोचन झालेलंच नसतं, त्यामुळे ‘टप्पा’ शोधण्यात अर्थ नाही. अशा वेळी गोळ्यांच्या पाकिटातला दिवस धरूनच तुलना करावी.

आता ताकद. एका रेपचं कमाल वजन दर वेळी तपासणं दमवणारं आहेच, शिवाय क्रिएटिनचा परिणाम शोधायची ती चुकीची जागा आहे. जोर लावताना स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जेचा साठा, पहिल्या काही सेकंदांत वापरला जातो आणि विश्रांतीत पुन्हा भरतो. साठा मोठा असेल तर अपुऱ्या विश्रांतीतही तो जास्त भरून निघतो. म्हणजे फरक दिसायला हवा तो दुसऱ्या-तिसऱ्या सेटमध्ये. म्हणून माझी चाचणी अशी: स्क्वॉट, वजन कायम ५० किलो, तीन सेट, मध्ये घड्याळ लावून बरोबर दोन मिनिटं. आणखी एकच रेप नीट निघेल असं वाटलं की सेट संपवायचा. बाकीचा सराव नेहमीप्रमाणे वाढत राहतो, हे ५० किलो मात्र बदलत नाहीत. चाचणी चक्रात दोनदा: सातव्या ते नवव्या दिवसांत एकदा आणि बीजविमोचनानंतर साधारण आठवड्याने एकदा. आदल्या दिवशी पायांचा व्यायाम नाही, कॉफी नेहमीइतकीच. विश्रांती अडीच मिनिटांची झाली तर तिसऱ्या सेटला एक-दोन रेप फुकट मिळतात आणि त्याचं श्रेय क्रिएटिनला जातं.

क्रिएटिन मी पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं, रोज ५ ग्रॅम, लोडिंगशिवाय. लोडिंग म्हणजे दिवसाला २० ग्रॅम, चार भागांत, पाच ते सात दिवस. त्याने साठा आठवड्यात भरतो, पण वजन एकदम चढतं आणि पोट बिघडण्याची शक्यता वाढते. मोजमापासाठी घाई नसेल तर त्याची गरज नाही. डब्यातल्या चमच्यावर विसंबू नका. तो सैल भरला की दाबून भरला यावर वजन बदलतं, म्हणून एकदा ग्रॅमच्या काट्यावर तोलून बघावं. सकाळी घ्या की रात्री, फरक पडत नाही. एखादा दिवस चुकला तरी भरलेला साठा ओसरत नाही.

वहीतले आकडे असे आले. क्रिएटिनआधीच्या दोन चक्रांचे तळ ५८.२ आणि ५८.१ किलो, शिखरं दोन्ही वेळा ५९.३. म्हणजे तळ सरासरी ५८.१५ आणि लाट सुमारे १.१५ किलो उंच. क्रिएटिन सुरू केलेल्या चक्रात तळ ५८.६ आणि शिखर ६०.२. लाट १.६ किलोची! नुसतं एवढंच बघितलं तर क्रिएटिनने पाळीचा फुगवटा वाढवला असंच कुणीही म्हणेल. पण या चक्रात तळ मोजला तेव्हा साठा अर्धवटच भरला होता, शिखर मोजलं तेव्हा तो जवळपास पूर्ण झाला होता. फुगवट्यात मधल्या काळात भरलेल्या साठ्याचं पाणी मिसळलेलं होतं. हे चक्र संक्रमणाचं. ते तुलनेतून सरळ बाद करायचं.

त्यानंतरच्या दोन चक्रांचे तळ ५९.० आणि ५९.१, शिखरं दोन्ही वेळा ६०.२. लाट पुन्हा १.१ ते १.२ वर आली. तळ मात्र ५८.१५ वरून ५९.०५ वर जाऊन तिथेच थांबला. तो ०.९ किलोचा फरक क्रिएटिनचा (त्यात थोडा स्नायूंचाही असेल, तो इतक्या काळात वेगळा काढता येत नाही), आणि उरलेली लाट पाळीची, आधी होती तेवढीच. संक्रमणाच्या चक्राचा हिशेबही जुळतो: लाट १.१५, अधिक तळ मोजल्यानंतर भरलेले ०.४५, मिळून १.६. तळ चढला आणि लाट तशीच राहिली, तर क्रिएटिन आपलं नेहमीचं काम करतंय. तळ जागेवर आणि लाटच मोठी झाली, तर कारण दुसरीकडे शोधावं: जास्त मीठ, बद्धकोष्ठता, कमी झोप, किंवा नवा व्यायाम करून अंग आंबलेलं असणं. अंग आंबलं की स्नायू दोन-तीन दिवस पाणी धरून ठेवतात, आणि हे क्रिएटिनसारखंच दिसतं.

पाणी कुठे बसलंय हे काटा सांगत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच दिवसांच्या लोडिंगनंतर बायकांच्या शरीरातलं एकूण पाणी उत्तरार्धात वाढलेलं दिसलं, पण वजनात तसा ठळक फरक नव्हता. म्हणून मी टेपही लावते: बेंबीपाशी कंबर आणि घोट्याच्या वर पाय. घोट्यावर मोज्याचा वळ खोल उमटतो आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत नाहीसा होतो, तो पाळीचा. क्रिएटिनचं पाणी बरंचसं स्नायूंच्या पेशींत असतं. ते पाळी आली म्हणून जात नाही. चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे मात्र या काळात पूर्ण दुर्लक्षित करावेत. ते विजेचा सौम्य प्रवाह सोडून पाण्यावरूनच अंदाज बांधतात, आणि इथे नेमकं पाणीच हलतंय.

ताकदीचे आकडे. आधीच्या पहिल्या चक्रात पूर्वार्धात १०, ८, ६ म्हणजे २४ रेप, उत्तरार्धात १०, ७, ६ म्हणजे २३. दुसऱ्या चक्रात २५ आणि २४. नुसत्या सरावाने चक्राला एक रेप वाढत होता. क्रिएटिननंतरच्या पहिल्या स्वच्छ चक्रात, म्हणजे चौथ्यात, ११, १०, ९ म्हणजे ३० आणि उत्तरार्धात ११, ९, ९ म्हणजे २९. सरावाच्या वेगाने इथे २७ यायला हवे होते. जास्तीचे तीन क्रिएटिनचे म्हणता येतील, आणि सर्वांत मोठी उडी अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या सेटमध्ये. पाचव्या चक्रात ३१ आणि ३०. म्हणजे जास्तीचे तीन टिकले, पण तीनाचे चार झाले नाहीत. साठा एकदा भरला की पायरी चढून होते. पुढची वाढ सरावाचीच.

दोन टप्प्यांतला एका रेपचा फरक मी ‘उत्तरार्धात ताकद कमी’ असा वाचत नाही. एक रेप झोपेनेही मागेपुढे होतो. २०२० साली आलेल्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यातही टप्प्यांमधला सरासरी फरक अगदी किरकोळ निघाला होता, तोही पाळीच्या पहिल्या दिवसांत जरा कमी कामगिरी असा. चार-पाच चक्रं सातत्याने तीन-चार रेपची दरी दिसली, तरच सरावाचं वेळापत्रक त्यानुसार बदलण्यात अर्थ आहे.

शंका उरलीच तर उलटी चाचणी करता येते. क्रिएटिन बंद केल्यावर साठा मूळ पातळीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे बंद केल्यानंतरचा पहिला तळ मोजू नये, दुसरा मोजावा. तो खाली आला तर हिशेब बरोबर होता.

रक्ततपासणी करायची असेल तर क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे मूत्रपिंडं ठणठणीत असतानाही तो आकडा थोडा वर दिसू शकतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही तपासणी उपयोगी पडते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गरोदर असाल, तर वही आणि डबा दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.