बाष्पघनता 14.2 आली तेव्हा

प्रात्यक्षिकाच्या तासाला एका गटाची वही हातात आली आणि मी थबकलो. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडची 60 अंश सेल्सिअसला काढलेली बाष्पघनता त्यांनी 14.2 लिहिली होती. बाष्पघनता म्हणजे रेणूभाराचा निम्मा आकडा. N2O4 चा रेणूभार 92, म्हणजे रेणू अजिबात फुटले नाहीत तर बाष्पघनता 46. सगळेच्या सगळे फुटून NO2 झाले तर 23. आकडा या दोहोंच्या मध्येच यायला हवा. पण सूत्रात घालून मुलांनी विचरणाचे प्रमाणही काढले होते: (46 − 14.2) / 14.2, म्हणजे 2.24. एका रेणूतले सव्वादोन रेणू फुटले!

त्यांना वाटत होते, चंबू गार होताना तपकिरी रंग फिका पडला, म्हणून प्रयोग बिघडला. रंग फिका पडणारच, कारण थंडाव्यात NO2 पुन्हा जोडीने N2O4 होतो. पण चंबूची तोटी 60 अंशांवर बंद केली की आतले वजन कायम राहते. हिशेबात तापमान धरायचे ते तोटी बंद करतानाचे.

मग चूक कुठे? मी विचारले, "रिकामा चंबू तोलला तेव्हा आत काय होते?" एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हवा." तिथेच उत्तर होते. फ्यूम हूडमध्ये द्रव उकळून वाफेने सगळी हवा बाहेर हाकलली होती, म्हणजे दुसऱ्या वजनात ती नव्हती. 250 मिलिलीटर चंबूत 27 अंशांना सुमारे 0.294 ग्रॅम हवा मावते. त्यांना फरक मिळाला होता 0.259 ग्रॅम. हवेचे वजन मिळवले की वायू 0.553 ग्रॅम. म्हणजे जी हवा मोजलीच नव्हती, ती त्यांनी नोंदवलेल्या फरकापेक्षा जड होती.

आता 1 वातावरण दाबाला सरासरी रेणूभार 60.4 आला, बाष्पघनता 30.2. विचरणाचे प्रमाण 15.8 / 30.2, म्हणजे 0.523. एक मोल घेतला तर 0.477 मोल N2O4 उरतो, 1.046 मोल NO2 होतो, एकूण 1.523. त्यावरून आंशिक दाब NO2 चा 0.687, N2O4 चा 0.313. समतोल स्थिरांक Kp = 0.687² / 0.313, साधारण 1.5.

मुले खूश झाली, पण मी त्यांना आणखी एक हिशेब करायला लावला. वजनात पाच मिलिग्रॅमची चूक झाली तर? वायूच्या वजनात एक टक्क्याहून कमी फरक, पण Kp 1.5 वरून 1.4 किंवा 1.6 वर जातो, म्हणजे सुमारे सात टक्के. तेव्हा त्याच मुलीने चंबू उचलला, बाहेरून कोरडा पुसला आणि पुन्हा तराजूकडे नेला.