उभी कक्षा

मुक्ताने परवा माझ्या आकृतीवर लाल पेन्सिलीने ओढलेली रेघ अजून टेबलावर आहे. मी मधोमध सूर्य काढला होता, त्याच्याभोवती एकाच पातळीत आठ कक्षा काढल्या होत्या, आणि ग्रह कोणत्या दिशेने फिरतात ते दाखवणारे आठ बाण. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि मग त्या आठही कक्षांना छेदणारे एक उभे लंबवर्तुळ काढून विचारले, "मावशी, एखादा ग्रह असा का नाही फिरत?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "गुरुत्वाकर्षणामुळे." ती गप्प बसली. ताईने माझ्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही, आणि त्याबद्दल मला आज लिहायचेही नाही.

उत्तर चुकले, याचे एवढे वाईट वाटायला नको होते. मला खुपते आहे ते उत्तर चुकीचे असल्याचे तोंडातून शब्द बाहेर पडतानाच मला ठाऊक होते, हे. गुरुत्वाकर्षण कोणत्याही एका पातळीची बाजू घेत नाही. ते चहूबाजूंनी सारखेच केंद्राकडे ओढते. तेवढ्यावर भागले असते तर ज्या वायूच्या मेघातून सूर्य आणि ग्रह घडले त्याचा गोळा झाला असता, ग्रह जिच्यात घडले ती चपटी चकती नव्हे. आणि सूर्याभोवती उभी कक्षा घ्यायला गुरुत्वाकर्षणाची काडीमात्र हरकत नाही. माणसाने सोडलेले कितीतरी उपग्रह पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून बिनबोभाट जात असतात. म्हणजे ज्याने काहीही सिद्ध होत नाही असा एक वजनदार शब्द मी एका मुलीच्या अंगावर टाकला आणि तिचे तोंड बंद केले. आमच्याकडे ही खोड जुनी आहे. असो.

काल रात्री मनातल्या मनात मी दुसरे उत्तर तयार केले: मेघ आकुंचन पावताना गरगर फिरू लागला आणि फिरल्यामुळे चपटा झाला. पुस्तकांत बहुधा एवढेच असते. बर्फावर गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते आणि तिचा वेग वाढतो, हे उदाहरणही त्याला जोडून येते. पण ती नर्तकी वेगाने फिरली म्हणून चपटी होत नाही! मग अंथरुणातून उठले, दिवा लावला आणि आकडे मांडून बसले.

सूर्याएवढे वस्तुमान असलेला मेघ कोसळतो आहे आणि त्याच्या कडेचा वायूचा एक पुंजका केंद्रापासून १०,००० खगोलीय एकके दूर आहे, असे धरले. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक, सुमारे १५ कोटी किलोमीटर. या पुंजक्याला सेकंदाला ३० मीटर एवढीच आडवी गती असू द्या. महामार्गावरच्या मोटारीची गती साधारण एवढीच असते. या गतीने त्याला एक फेरी पुरी करायला सुमारे एक कोटी वर्षे लागतील, म्हणजे पाहणाऱ्याला मेघ फिरतो आहे याची शंकासुद्धा येणार नाही. पण आत कोसळताना अंतर आणि आडवी गती यांचा गुणाकार बदलत नाही. कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात ती हीच. त्यामुळे पुंजका १०० एककांवर येईपर्यंत अंतर शंभरपट घटते आणि गती शंभरपट वाढून सेकंदाला ३ किलोमीटर होते. गंमत अशी की सूर्याएवढ्या वस्तुमानाभोवती १०० एककांवर वर्तुळाकार फिरत राहायला जवळजवळ तेवढीच गती लागते. तिथे तो पुंजका आत येण्याचा थांबतो. तो थांबतो कारण अंतर निम्मे झाले की गुरुत्वाची ओढ चौपट होते, पण बाहेर फेकू पाहणारी केंद्रोत्सारी ओढ आठपट होते. कितीही दुबळी सुरुवात असली तरी दुसरी ओढ पहिलीला कुठेतरी गाठतेच.

इथवर आल्यावर मला आपण फार शहाण्या आहोत असे वाटू लागले, आणि तेवढ्यात लक्ष पुन्हा लाल रेघेकडे गेले. हा सगळा हिशेब उभ्या कक्षेतल्या पुंजक्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. तोही आत येईल, वेग घेईल, १०० एककांवर थांबेल आणि उभा फिरत राहील. प्रत्येक पुंजका आपापल्या तिरक्या प्रतलात फिरत राहिला तर सगळ्यांचा मिळून गोळाच होतो. म्हणजे फिरणे हेही पुरे उत्तर नव्हे. पहाटेचे दोन वाजले होते, आणि आपल्याला एवढेही नीट सांगता येत नाही तर इतकी वर्षे आपण काय केले, असा एक दळभद्री विचार बराच वेळ मनात घोळत राहिला.

निसटलेली गोष्ट अगदी साधी होती: पुंजके एकमेकांच्या वाटेत येतात. मध्य प्रतलाशी ३० अंशांचा कोन करून फिरणारा एक पुंजका घेतला आणि तेवढाच दुसरा, उलट्या बाजूला कललेला. दोघेही प्रत्येक फेरीत दोनदा मध्य प्रतल ओलांडतात, आणि ओलांडतानाच त्यांची गाठ पडते. ३ किलोमीटरच्या गतीतला उभा भाग दीड किलोमीटर होतो. एकाचा वर जाणारा, दुसऱ्याचा खाली येणारा. टक्कर झाली की हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरलेला सुमारे २.६ किलोमीटरचा आडवा भाग मात्र दोघांचाही एकाच दिशेचा आहे, म्हणून तो शिल्लक राहतो. मेलेल्या गतीची उष्णता होते आणि ती अवरक्त प्रकाशाच्या रूपाने अवकाशात निघून जाते. ती निघून जाणे फार महत्त्वाचे आहे, कारण तापलेला वायू तसाच कोंडून राहिला असता तर दाबाने पुन्हा फुगला असता. आता एकत्र झालेल्या पुंजक्याकडे १०० एककांवर फिरत राहण्याइतकी गती उरलेली नसते, म्हणून तो आणखी आत सरकतो आणि सुमारे ७५ एककांवर स्थिरावतो. हे मी तीन वेळा करून पाहिले. प्रत्यक्षात वायू असा जोड्याजोड्यांनी येत नाही आणि त्याच्या वाटाही इतक्या गोल नसतात, पण कारण हेच आहे. वर-खाली जाणाऱ्या गतींची बेरीज शून्याकडे जाते, फिरण्याची जात नाही.

सगळे बाण एकाच दिशेचे का, हेही यातच येते. मेघात सुरुवातीला सर्व दिशांना जाणारे भोवरे असतात. त्यांची बेरीज नेमकी शून्य आली असती तर ते नवल ठरले असते. थोडीशी कुठल्यातरी एका बाजूला झुकतेच. त्या बहुमताच्या विरुद्ध फिरणारा वायू समोरून धडकतो, आपला कोनीय संवेग गमावतो आणि केंद्रातल्या कोवळ्या सूर्यात जाऊन पडतो. मागे उरलेल्या चकतीत फिरण्याची दिशा एकच असते. त्यातली धूळ आणखी पातळ थरात बसते, धुळीचे खडे होतात, खड्यांचे डोंगर, आणि पुढे ग्रह. ज्या प्रवाहातून ते घडले त्याचीच दिशा ते आजही पाळत आहेत. पृथ्वीच्या कक्षेशी तुलना केली तर बुधाची कक्षा ७ अंशांनी कललेली आहे आणि बाकीच्या साऱ्या साडेतीन अंशांच्या आत आहेत. ग्रहांनी स्वतःभोवती कसे फिरावे ही बाब वेगळी. शुक्र तिथे उलटा फिरतो आणि युरेनस जवळजवळ आडवा पडला आहे. पण कक्षा बदलण्यापेक्षा ग्रहाला कलंडवणे सोपे असते, म्हणून त्याला मी या भांडणात साक्षीला बोलावत नाही.

मेघातून सूर्यमाला झाली ही कल्पना कांटने १७५५ मध्ये मांडली आणि लाप्लासने १७९६ मध्ये. त्यांच्या काळी अशी चकती कोणी पाहिलेली नव्हती. मी मात्र २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी टिपलेली एच एल टॉरी या ताऱ्याची प्रतिमा कितीदा तरी पाहिली आहे. सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरचा तो कोवळा तारा, भोवती चकती आणि चकतीत काळ्या वर्तुळाकार फटी. इतक्यांदा पाहूनही तो चपटेपणा कुठून आला हे मी स्वतःला एकदाही विचारले नव्हते. मुक्ताने विचारले.

आज दुपारी मी तिला फोन केला. टकरीचा प्रसंग सांगायला दहा मिनिटे लागली. ती म्हणाली, "मग गुरुत्वाकर्षण चूक होतं ना?" मी म्हणाले, "होय, चूक होतं." यावर ती काही म्हणेल असे वाटले होते, पण तिला त्यात रस नव्हता. तिने विचारले, "आणि धडकायला कोणी मिळालंच नाही तर?"

मला हसू आले ते स्वतःचे. कोणीच मिळाले नाही तर उभी कक्षा टिकते, आणि असे पिंड आहेत. चकतीत जन्मलेल्या बर्फाळ पिंडांपैकी पुष्कळांना मोठ्या ग्रहांनी दूर भिरकावून दिले. तिथे जवळून जाणाऱ्या ताऱ्यांच्या आणि आकाशगंगेच्या ओढीने त्यांच्या कक्षा हवे तशा वळल्या, आणि ती जागा इतकी विरळ आहे की त्यांना पुन्हा चपटे करायला टक्करच होत नाही. सूर्यमालेच्या त्या कडेला, ऊर्टच्या मेघात, चकती नाही. तिथे गोळाच आहे. म्हणून तिकडून येणारे धूमकेतू कोणत्याही कोनातून येतात. हेल-बॉपची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ८९ अंशांचा कोन करते. म्हणजे जवळजवळ नेमकी मुक्ताची लाल रेघ. १९९७ साली कितीतरी संध्याकाळी मी तो धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता, शेजारी उभ्या असलेल्यांना बोट दाखवून त्याच्या दोन शेपट्यांविषयी व्याख्यानही दिले होते. शेजारी कोण होते तेही आठवते.

तिला म्हणाले, तुझा ग्रह नाही, पण तुझा धूमकेतू आहे. तिने लगेच विचारले की मग रेघ बरोबर काढली आहे ना. दिशा बरोबर आहे, आकार नाही, असे मी सांगितले आणि फोन ठेवल्यावर मोजून पाहिले. माझ्या आकृतीत पृथ्वीची कक्षा सूर्यापासून एक सेंटिमीटरवर आहे. त्याच प्रमाणात हेल-बॉपचे दूरचे टोक दाखवायचे तर कागद साडेतीन मीटर लांब लागेल. लाल रेघेच्या वरच्या टोकाला मी एक छोटा बाण काढला आहे, कागदाच्या बाहेर जाणारा, आणि त्याच्या शेजारी '१९९७' असे लिहिले आहे. रविवारी ती येईल तेव्हा पाहील.