टाकी 45 लिटरची, हिशेब 40 चा

लांबच्या, तुरळक पंपांच्या रस्त्यासाठी गाडीची खरी रेंज काढायचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. कागदावर टाकी 45 लिटरची आणि ॲव्हरेज 20 चं, म्हणजे 900 किलोमीटर. माझ्या वहीतला आकडा 500 वर आलाय आणि मला तोच विश्वासाचा वाटतो.

आधी टाकीबद्दल. रिझर्व्हचा दिवा लागल्यावर लगेच पंपावर गेलो की नोझलच्या पहिल्या ऑटो कटपर्यंत साधारण साडेसदतीस लिटर बसतं. म्हणजे दिवा लागतो तेव्हा आत सात-साडेसात लिटर असावं. पण त्यातला तळाचा भाग मी धरत नाही. चढावर किंवा वळणावर इंधन एका बाजूला सरकलं की आतला पंप हवा ओढू शकतो. शिवाय बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो पंप टाकीतल्या इंधनामुळेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी करून बघायचा प्रयोग कुणी करू नये. 5 लिटर कायमचे बाजूला ठेवले, हिशेबाला उरले 40.

ॲव्हरेज मी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असंच काढतो. गाडी सपाट जागी उभी करायची, भरण्याचा वेग तोच ठेवायचा आणि पहिल्या कटला थांबायचं. कटनंतर आणखी ठासून भरलं तर मोजणीत एक-दोन लिटरचा घोळ होतोच, वर पेट्रोल गाडीत वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव इंधन शिरून तो खराब होऊ शकतो. एका टाकीच्या आकड्यावर विसंबू नका. दोन लिटरची चूक एका टाकीत पाच टक्क्यांची असते, सलग चार टाक्यांचा हिशेब एकत्र केला की ती सव्वा टक्क्यावर येते.

असं मोजल्यावर 80 च्या स्थिर वेगाला 16 मिळतात, 100 ला 14. टपावर कॅरियर, पूर्ण सामान आणि समोरून वारा असेल तर साडेबारा. वाऱ्याला लोक फार कमी लेखतात. 90 ने जाताना समोरून 20 चा वारा असेल तर गाडीला 110 चा वारा झेलावा लागतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास दीडपट. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज माझ्या गाडीत सहा टक्के जास्त दाखवतं, 14 दिसलं की मी 13.2 समजतो. ‘एवढे किलोमीटर जाल’ हा आकडा तर नुकत्याच झालेल्या चालवण्यावरून काढलेला असतो. उतार संपून चढ लागला की तो भराभर घसरतो.

आता पुढच्या प्रवासातला अवघड पट्टा. अ पंपापासून ब 280 किलोमीटर, ब पासून क आणखी 190. ब एकटाच छोटा पंप आहे. तिथे वीज नसेल, टँकर आला नसेल, पंप बंद असेल, काहीही शक्य आहे. म्हणून मी गॅप 280 ची धरत नाही, अ ते क अशी 470 ची धरतो. साडेबाराच्या हिशेबाने 40 लिटरमध्ये 500 जातात, म्हणजे निघते. पण हे अ वर टाकी फुल्ल केली तरच. त्याच्या 90 किलोमीटर आधी भरलंय आणि काटा अजून वरच आहे म्हणून अ सोडला, तर 560 ची गरज होते आणि हिशेब कोलमडतो. सात लिटरसाठी थांबायचा कंटाळा येतो, तरी थांबायचंच.

अ वर ट्रिप मीटर आणि ॲव्हरेज दोन्ही शून्य करायचे. 470 भागिले 40 म्हणजे पावणेबारा, या पट्ट्यासाठी हा माझा किमान आकडा. डॅशबोर्डवर त्यासाठी साडेबारा दिसायला हवेत. पहिली तपासणी शंभराला, कारण तेव्हा वेग 80 वर आणून भरपाई करायला रस्ता शिल्लक असतो. निर्णयाची जागा 200. ॲव्हरेज 11 वर आलं असेल तर 40 लिटरमध्ये एकूण 440 होतात, म्हणजे 220 च्या पुढे गेल्यावर अ वर परतणं राखीव 5 लिटरला हात लावल्याशिवाय शक्य नाही. तेव्हा 200 ला आकडा कमी दिसला आणि ब चालू असल्याची खात्री नसली, तर मी परत फिरणार.

11 नेच ब पर्यंत गेलो आणि तो बंद निघाला तर? 280 ला साडेपंचवीस लिटर जातात, हिशेबातले साडेचौदा उरतात, त्यात 160 च होतात. राखीव वापरून 215 च्या आसपास, म्हणजे क गाठता येईल, पण एखादा वळसा निघाला तर संपलं.

जादा कॅन घ्यायचा विचार सध्या बाजूला ठेवलाय. केबिनमध्ये पेट्रोलच्या वाफा मला नकोत आणि टपावर ठेवला तर वाऱ्याचा विरोध वाढतो. त्याआधी रिकामा कॅरियर काढून 100 च्या वेगाची मोजणी पुन्हा करतोय, त्याचे आकडे पुढच्या नोंदीत.