अहवालात पंधरा लाख शिल्लक, तरी पीआर अडलेला

«विभागाच्या बजेटमध्ये अजून पैसे दिसतायत, तरी सॅपमध्ये पीआर सेव्ह होत नाही. असं का होतं? आणि काम खरंच निकडीचं असेल तर मंजुरी कोणाकडून, कशी घ्यायची?»

तुम्ही विचारलंत म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही जो आकडा पाहता तो झालेल्या खर्चाचा असतो, आणि सॅप, म्हणजे कंपनीची खरेदी आणि हिशेब सांभाळणारी सिस्टिम, पाहते तो खर्च अधिक कबूल केलेली रक्कम असा असतो. या कबूल केलेल्या रकमेला कमिटमेंट म्हणतात. पीआर म्हणजे विभागाने घातलेली खरेदीची मागणी; तो सेव्ह झाला की त्याची किंमत बजेटमधून बाजूला काढली जाते. त्यावरून पीओ, म्हणजे पुरवठादाराला दिलेली खरेदी ऑर्डर, निघाला की पीआरची कमिटमेंट उतरते आणि पीओची चढते. माल गोदामात आला की पीओचीही उतरते आणि तोच आकडा खर्चात जातो. लग्नघरात हॉलवाल्याला आणि केटररला शब्द दिलेला असताना खिशातल्या नोटा मोजून कोणी ‘एवढे शिल्लक’ म्हणत नाही, तसंच हे.

उदाहरण म्हणून एका कारखान्याचा मेंटेनन्स विभाग घेऊ. वर्षभराच्या दुरुस्तीसाठी एक इंटर्नल ऑर्डर, म्हणजे त्या कामाचा खर्च जमा करायचं सॅपमधलं खातं, उघडलेली आहे आणि तिच्यावर ४०,००,००० रुपयांचं बजेट आहे. जानेवारीच्या मध्याला प्रत्यक्ष खर्च २४,६०,००० झालाय. विभागप्रमुखांच्या एक्सेलमध्ये एवढंच असतं, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने १५,४०,००० हातात आहेत. पण न आलेल्या मालाचे पीओ ११,९०,००० चे आहेत आणि पीओ न निघालेले पीआर २,१५,००० चे. तिन्हींची बेरीज ३८,६५,०००. म्हणजे खरे शिल्लक १,३५,०००. अशात कॉम्प्रेसरच्या ओव्हरहॉलिंगचा २,८०,००० चा पीआर घातला की एकूण ४१,४५,००० होतात. बजेटपेक्षा १,४५,००० जास्त, म्हणून लाल संदेश येतो आणि पीआर सेव्ह होत नाही.

ही अडवणूक कोणी माणूस करत नाही. फायनान्सने सॅपच्या `OKC9` या सेटिंगमध्ये टक्के ठरवून ठेवलेले असतात: अमुक टक्क्यांना नुसती सूचना, तमुक टक्क्यांना सूचना आणि बजेट मॅनेजरला मेल, आणि शेवटी एरर. हे टक्के पीआर, पीओ, फायनान्सची व्हाउचरं अशा व्यवहारांच्या गटांप्रमाणे वेगवेगळे ठेवता येतात. काही ठिकाणी पीआरला फक्त पिवळी सूचना असते आणि एरर पीओला येते. मला ते पटत नाही. पुरवठादाराशी भाव ठरून, कोटेशनं जुळवून झाल्यावर बजेट नाही हे कळण्यात अर्थ नाही. पहिल्याच दारात अडवलेलं बरं.

आता अडल्यावर काय करायचं. बहुतेक जण लगेच जादा बजेटची नोट लिहायला बसतात. त्याआधी `S_ALR_87013019` हा अहवाल काढा. त्यात बजेट, खर्च, कमिटमेंट आणि शिल्लक शेजारीशेजारी दिसतात. मग `KOB2` मध्ये त्याच ऑर्डरच्या कमिटमेंटच्या ओळी उघडा आणि जुन्या तारखांपासून खाली या. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत तिथे हमखास मेलेल्या ओळी सापडतात.

आपल्या उदाहरणात तीन सापडल्या. पहिली, बेअरिंगचा पीओ. ४० नग, ४,५०० रुपये दराने. ३४ आले, उरलेले ६ देणार नाही असं पुरवठादाराने केव्हाच कळवलंय, पण पीओच्या त्या ओळीवर `Delivery Completed` ची खूण कोणी केली नाही. २७,००० अडकलेले. दुसरी, कन्व्हेयरच्या दुरुस्तीचा सर्व्हिस पीओ. तो १,५०,००० चा होता, काम १,२६,००० मध्ये संपलं, आणि शेवटच्या सर्व्हिस एंट्री शीटला, म्हणजे काम झाल्याच्या नोंदीला, ती शेवटची आहे अशी खूण करायची राहून गेली. २४,००० अडकलेले. तिसरी ओळ जास्त गमतीची. पंपासाठी ८६,००० चा पीआर होता. खरेदी विभागाने घाईत त्या पीआरचा संदर्भ न देता नवा पीओ काढला, ८१,००० चा. सिस्टिमला हा पीओ त्याच पीआरचा आहे हे कळायला मार्गच नाही, त्यामुळे एकाच पंपासाठी दोनदा पैसे बाजूला पडले. पीआरच्या ओळीवर `Closed` ची खूण केली की ८६,००० सुटतात.

तिन्ही मिळून १,३७,००० मोकळे झाले. शिल्लक २,७२,००० वर आली आणि पीआर हवाय २,८०,००० चा. म्हणजे १,४५,००० ची वाढ मागायला निघालेल्या विभागाला प्रत्यक्षात ८,००० कमी पडतायत. फायनान्सचा माणूस नोट हातात घेतल्यावर याच ओळी आधी उघडतो. तुम्ही त्या साफ केल्या नसतील तर नोट परत येते आणि दोन-तीन दिवस फुकट जातात.

मंजुरीचं म्हणाल तर सॅपच्या इंटर्नल ऑर्डरमध्ये ‘हा एक पीआर जाऊ दे’ असं बटण नाही. इतर काही प्रणालींत अधिकारी एकट्या व्यवहाराला सवलत देऊ शकतो. इथे मात्र बजेटच वाढवावं लागतं: `KO24` ने पुरवणी देऊन, किंवा एका ऑर्डरवरून `KO26` ने पैसे परत घेऊन ते `KO24` ने दुसरीवर टाकून. या दोन वाटांचे मंजुरीदार वेगळे असतात. विभागाच्या आतच पैसे सरकत असतील तर साधारणपणे विभागप्रमुख आणि प्लँटचा फायनान्स प्रमुख पुरतात. दुसऱ्या विभागाकडून घ्यायचे तर त्या विभागाच्या प्रमुखाची सही लागते, आणि ती मिळवणं हेच खरं काम असतं. वर्षाचा एकूण आकडाच वाढणार असेल तर प्रकरण प्लँट हेड किंवा सीएफओपर्यंत जातं. नेमकी मर्यादा तुमच्या कंपनीच्या अधिकार-वाटपाच्या तक्त्यात असते. नोट लिहिण्याआधी तो पाहा, नाहीतर चुकीच्या टेबलावर चार दिवस पडून राहील.

नोट एका पानाची पुरते. ऑर्डर क्रमांक, आजचे बजेट-खर्च-कमिटमेंटचे आकडे, कोणत्या मेलेल्या ओळी बंद केल्या, किती हवेत, कुठून घ्यायचे, आणि काम मार्चनंतर ढकललं तर काय बिघडेल. शेवटच्या मुद्द्यावर ‘अत्यंत तातडीचे’ लिहून भागत नाही. कॉम्प्रेसरचे किती तास झालेत, उत्पादकाने किती तासांना ओव्हरहॉल सांगितलंय, दुसरा कॉम्प्रेसर किती भार पेलतो, हे लिहा. आणि ८,००० मागू नका. मार्चअखेरपर्यंत लागणारी ठरलेली कामं मोजून एकदाच मागा, समजा ७५,०००. आठ-आठ हजारांच्या नोटा घेऊन दर पंधरवड्याला येणाऱ्या विभागाचं पुढे कोणी मनावर घेत नाही.

मंजुरी मेलवर किंवा कागदावर मिळते, नोंद मात्र फायनान्स करतं. पीआर घालणाऱ्याच्याच लॉगिनला `KO24` असणं म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिशात. नोंदीत मंजुरीचा संदर्भ लिहिलेला असावा, ऑडिटर तोच मागतो. इथे एक चूक वारंवार होते. बजेट वर्षनिहाय असताना पुरवणी पुढच्या आर्थिक वर्षात टाकली जाते. एकूण बजेट वाढलेलं दिसतं, मंजुरीही आहे, तरी पीआर अडतोच. असं झालं तर नोंदीचं वर्ष पाहा. दुसरी अडचण अशी की वाढवलेले पैसे तुमच्या पीआरच्या नावाने राखून ठेवलेले नसतात. सकाळी पुरवणी पडली आणि दुपारी शिफ्टमधल्या कोणी त्याच ऑर्डरवर गॅस्केटचा पीआर टाकला, तर तो ते पैसे घेऊन जातो. म्हणून आपला पीआर तयार ठेवा आणि नोंद झाल्याचा मेल आला की त्याच तासात सेव्ह करा.

आडवाटाही आहेत, आणि त्या ओळखता याव्यात म्हणून सांगतो. किंमत एक रुपया टाकलेला पीआर निवांत जातो, कारण कमिटमेंटही एकाच रुपयाची होते. मग खरा भाव घालताना पीओ अडतो आणि दोष खरेदीवाल्यांवर येतो. एकाच कामाचे तीन तुकडे केले तरी फायदा नाही. तुकड्यांनी मंजुरीची पातळी चुकवता येते, पण बजेट तपासणी बेरीजच करते. सगळ्यात मोठं भोक म्हणजे पीआरमध्ये खर्चाचा प्रकार `F` म्हणजे ऑर्डर न ठेवता `K` म्हणजे कॉस्ट सेंटर, विभागाचं नेहमीचं खर्चाचं खातं, टाकणं. जुन्या सॅपमध्ये कॉस्ट सेंटरवर बजेट योजना म्हणून असते, पण ती काही अडवत नाही. ती तपासणी नव्या एस/४हानामध्ये आली आहे आणि ती मुद्दाम चालू करावी लागते. महिन्याअखेर दुरुस्तीच्या खात्यांवर थेट कॉस्ट सेंटरचे पीआर अचानक वाढलेले दिसले, तर ऑर्डर कोरडी पडली आहे असं समजा.

फायनान्सकडूनही एक आडवाट होते. ओरड वाढली की `OKC9` मध्ये १०० चे ११० टक्के केले जातात. पण ती मर्यादा बजेट प्रोफाइलला लागू असते. त्यामुळे एका कॉम्प्रेसरसाठी त्या प्रोफाइलवरच्या सगळ्या ऑर्डरींना दहा टक्के वाढ मिळते, आणि त्या दहा टक्क्यांवर कोणाची सही नसते.

कराचाही एक फटका असतो. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर कर कमिटमेंटमध्ये येत नाही. क्रेडिट मिळत नसेल तर पीओवर टॅक्स कोड टाकताच कर त्यात मिळतो. २,८०,००० चा पीआर बजेटमध्ये बसला, पण १८ टक्के कर धरून पीओ ३,३०,४०० चा झाला आणि अडला. अशा खरेदीत पीआरची किंमत करासह धरा.

रात्री दोनला मशीन बंद पडली तर वरचं काहीच जमत नाही. त्यासाठी प्लँट हेडच्या नावाने एक वेगळी छोटी ऑर्डर एप्रिलमध्येच उघडून ठेवावी, दोन-तीन लाखांची. पीआर तिच्यावर टाकायचा, आणि आठवड्याभरात मंजुरी घेऊन खर्च मूळ ऑर्डरवर वळवायचा. आधी माल आणून नंतर पीआर काढला तर बिल येऊन पडतं आणि पीओ बजेटवर अडतो. तेव्हा पुरवठादाराच्या फोनला उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही.

३१ मार्चला न आलेल्या मालाचे पीओ `KOCF` ने पुढच्या वर्षात नेले जातात. त्यांच्यासोबत उरलेलं बजेट `KOCO` ने नेलं नाही, तर १ एप्रिललाच नव्या बजेटचा मोठा तुकडा जुन्या पीओंनी खाल्लेला असतो. हे दोन्ही करणार का आणि कोणत्या ऑर्डरींचं, हे फायनान्सला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच विचारून घ्या.