नाव-गाव न सांगता

“दादा, तुम्ही काढलेल्या लग्नाच्या फोटोंची कॅरोसेल इन्स्टाग्रामवर टाकता, पण तिच्याखाली नवरा-नवरीचं नाव नसतं, हॉल नसतो, तारीखही नसते. मग नवीन जोडपी येतात ती काय वाचून?”

मुहूर्त आणि उजेड वाचून. लग्न ठरलेल्या मुलीला आधीची नवरी कोण होती याच्याशी देणंघेणं नसतं. तिला स्वतःच्या हॉलची काळजी असते. ठाण्यातले बरेच हॉल बंदिस्त, एसी. गोरज मुहूर्त असला तरी आत संध्याकाळ दिसतच नाही.

एका लग्नाचं सांगतो, त्यांना विचारूनच. कॅप्शनचा पहिला खर्डा माझ्या मदतनीसाने नेहमीच्या पद्धतीने लिहिला होता: दोघांची नावं, तारीख, घोडबंदर रोडवरचा हॉल. या तीन गोष्टी एकत्र आल्या की अनोळखी माणसालाही घरापर्यंत पोचता येतं. शेवटी गेलं ते असं:

‘गोरज मुहूर्त, हॉलला खिडकी नाही. अंतरपाट दूर होताना फ्लॅश मारला नाही. मागच्या दिव्यांचे पट्टे फोटोत येऊ नयेत म्हणून शटर १/१०० वर. तुमचा हॉल आणि मुहूर्ताची वेळ कळवा, त्या उजेडात काय जमेल ते सांगतो.’

हे पट्टे म्हणजे हॉलमधल्या फोटोंची जुनी डोकेदुखी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० सेकंद उघडं राहिलं की एक पूर्ण लुकलुक फ्रेममध्ये मावते. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर मात्र हा हिशोब चालतोच असं नाही, तिथे आधी जाऊन बघावं लागतं.

कॅप्शन कितीही जपून लिहिलं तरी फोटो बोलतो. दारातला फुलांचा बोर्ड, मेंदीत लपवलेलं नवऱ्याचं नाव, सजवलेल्या गाडीची नंबरप्लेट. प्रत्येक फ्रेम मोठी करून मी हेच शोधतो. ‘कुटुंबाच्या इच्छेखातर चेहरे दाखवलेले नाहीत’ असंही लिहीत नाही; त्याने उलट लोक खोदून विचारतात.

परवानगी बुकिंगच्या वेळी नाही, अल्बम हातात दिल्यावर घेतो, तीही फोटोगणिक, लेखी. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की वेगळा करार नसेल, तर पैसे घेऊन काढलेल्या फोटोची मालकी तो काढायला सांगणाऱ्याची. ‘फोटो मी काढला, म्हणजे माझा’ असं आमच्यातले कितीतरी जण अजून धरून चालतात.

आणि परवानगी दिलेल्याचं मन पुढे बदलू शकतं. इन्स्टाग्रामवर कॅरोसेलमधला एखादा फोटो नंतर काढता येतो, त्याच्या जागी दुसरा घालता येत नाही. म्हणून कॅप्शनमध्ये ‘तिसऱ्या फोटोत बघा’ असं कधी लिहीत नाही. फोटो गेला तरी खालचा मजकूर जसाच्या तसा चालतो, आणि कुणाचा गेला हे बघणाऱ्याला कळत नाही.