गरोदरपणात वांगाची ट्यूब बंद केली तेव्हा

माझ्या गालांवर वांगाचे डाग जुनेच. मेडिकलमध्ये सहज मिळणारी एक ट्यूब रात्री लावायची आणि सकाळी चेहरा उजळ दिसायचा. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चेहऱ्याला लावतेस ते सगळं स्किनच्या मॅडमना दाखव." मी बाथरूममधल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत भरून नेल्या.

मॅडमनी पुढचं मोठं नाव वाचलंच नाही, मागची बारीक अक्षरं वाचली. वांगाच्या ट्यूबमध्ये तीन औषधं निघाली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्यापैकी रक्तात उतरतं, म्हणून ते बंद. ट्रेटिनॉइन 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. त्याच घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं हे सिद्ध आहे. क्रीममधून फारच थोडं शोषलं जातं, पण डाग काही जीवघेणे नाहीत, मग तेवढीही जोखीम कशाला? रेटिनॉल आणि अ‍ॅडापलीनही त्याच कारणाने बाजूला गेलं. "आधी लावलंय त्याचं काय?" माझा घसा कोरडा पडला होता. मॅडम म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, नेहमीच्या सोनोग्राफ्या वेळेवर कर.

खरा त्रास झाला तो स्टेरॉइड सुटल्यामुळे. काही दिवसांतच गाल लाल झाले, पाणी लावलं तरी चुरचुरायचे, बारीक पुरळ आलं. घरात सगळ्यांना वाटलं नवीन काहीतरी बाधलं. मॅडमनी ही लाली येणार हे आधीच बजावलं होतं, नाहीतर मी परत जुनी ट्यूब उघडली असती. तेवढे दिवस फक्त साधा, बिनवासाचा मॉइश्चरायझर. सासूबाईंनी लिंबू-बेसन सुचवलं. बेसन ठीक होतं, पण सोलवटलेल्या गालावर लिंबू नको म्हटलं.

आग शमल्यावर डाग फिके करणारं आणि गरोदरपणातही चालणारं १० टक्के अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड सुरू केलं. चेहरा पूर्ण कोरडा करून वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक रात्र आड. लावल्यावर थोडा वेळ खाज सुटते, ती आपोआप जाते. जळजळ टिकली तर मात्र थांबायचं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, रात्रीत उजळपणा विसरा.

सकाळी सनस्क्रीन, तेही झिंक ऑक्साइडचं आणि रंग असलेलं. त्या रंगातल्या आयर्न ऑक्साइडमुळे दिसणारा प्रकाशही अडतो, आणि वांग त्यानेही गडद होतात. दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं, चिमूटभर लावून उपयोग नाही.

पिंपल्ससाठीचा २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश राहिला, कारण तो धुऊन जातो. त्याच अ‍ॅसिडचं पार्लरमधलं पील रद्द केलं.

सातव्या महिन्यात डाग पुन्हा थोडे गडद झाले. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे हे होतंच, आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरेचदा आपोआप फिके पडतात, असं मॅडम म्हणाल्या. माझे फिके झालेत, गेलेले नाहीत. बाळ अंगावर पितंय, त्यामुळे अ‍ॅझेलाइक अजून चालू आहे. जुनी ट्यूब मात्र पिशवीसकट मॅडमकडेच राहिली.