23 दिवसांचा हिशोब आणि दोन समांतर कामं

जुन्या नोंदी नव्या प्रणालीत हलवण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेलाच होता: किती दिवस लागतील? कामं चार. आधी गरजा निश्चित करायच्या. मग एकीकडे जुना डेटा साफ करायचा आणि त्याच वेळी दुसरीकडे नवी प्रणाली उभी करायची. दोन्ही संपल्यावर चाचणी. प्रत्येक कामाचे मी तीन आकडे मागितले: सगळं सुरळीत झालं तर, बहुतेक वेळा, आणि फारच अडलं तर. गरजांसाठी 4, 5, 9 दिवस. डेटासाठी 8, 10, 18. प्रणालीसाठी 7, 10, 16. चाचणीसाठी 3, 4, 8.

समांतर कामांपैकी एकच धरून मधले आकडे जोडले की 19 दिवस येतात. पण प्रत्येक कामाची शेपटी उशिराच्या बाजूला लांब आहे, म्हणून तिन्ही आकड्यांची सरासरी घेतली: 6, 12, 11 आणि 5. सर्वांत लांब वाट डेटाची, तिची बेरीज 23. इथपर्यंत कागदावरही जमतं. मला मात्र 23 दिवसांत काम होण्याची शक्यता किती, ते हवं होतं, म्हणून स्प्रेडशीट उघडली.

मांडणी साधी ठेवली. एक रांग म्हणजे प्रकल्प एकदा पार पडला, अशा 2000 रांगा. F ते I या स्तंभांत चार कामांचे दिवस, आणि त्यांच्या डोक्यावर पहिल्या तीन ओळींत प्रत्येकाचे तीन आकडे. B ते E मध्ये फक्त `=RAND()`. त्या यादृच्छिक संख्येवरून त्रिकोणी वितरणाचे, म्हणजे मधल्या आकड्याजवळ जास्त आणि टोकांकडे कमी पडणारे, दिवस काढणारं सूत्र डेटाच्या स्तंभात असं बसलं:

```
=IF(C6<(G$2-G$1)/(G$3-G$1),
 G$1+SQRT(C6*(G$3-G$1)*(G$2-G$1)),
 G$3-SQRT((1-C6)*(G$3-G$1)*(G$3-G$2)))
```

`RAND()` वेगळ्या सेलमध्ये ठेवणं इथे फार गरजेचं आहे. ते थेट सूत्रातच लिहिलं, तर अट तपासताना एक संख्या पडते आणि दिवस काढताना दुसरी. कुठेही एरर दिसत नाही, सगळे दिवस 8 ते 18 मध्येच राहतात, फक्त डेटाच्या स्तंभाची सरासरी 12 ऐवजी 11.8 च्या आसपास घुटमळते. F9 ही कळ दाबून कितीही वेळा नव्या संख्या पाडल्या तरी सरासरी खालच्याच बाजूला राहिली, की सूत्र चुकलंय असं समजावं. म्हणून प्रत्येक स्तंभाची सरासरी मी आधी तपासून घेतली.

शेवटचा स्तंभ एकूण दिवसांचा:

```
=F6+MAX(G6,H6)+I6
```

निकाल मोजायला दोन सूत्रं पुरली:

```
=COUNTIF(J6:J2005,"<=23")/2000
=PERCENTILE(J6:J2005,0.8)
```

19 दिवसांत काम शंभरात जेमतेम एक-दोनदा संपत होतं. 23 दिवसांतही सुमारे 40 टक्केच वेळा. एकूण सरासरी 23.7 आली. हा वरचा 0.7 दिवस कुठून आला? तो त्या `MAX` मधून आला. चाचणी सुरू व्हायला दोन्ही कामं संपावी लागतात, त्यामुळे एक लवकर झालं तरी दुसऱ्याचा उशीर भरून निघत नाही. लांब वाट डेटाची असली, तरी एक तृतीयांशाहून थोड्या जास्त रांगांमध्ये प्रणालीचं कामच शेवटी संपत होतं. एकच वाट धरून केलेला हिशोब इथेच कमी पडतो.

मग विचार आला, डेटाच्या कामाला एक माणूस वाढवून ते सरसकट एक दिवसाने कमी केलं तर? तुलना करण्याआधी B ते E स्तंभ Paste Special मधून फक्त मूल्यं म्हणून चिकटवले, म्हणजे दोन्ही वेळा नशीब तेच राहील. नाहीतर दर वेळी आकडे हलतात आणि छोटा फरक त्यात हरवतो. बचत निघाली अर्ध्या दिवसाहून किंचित जास्त. एका दिवसासाठी माणूस वाढवायचा विचार मी तिथेच सोडला.

एक शंका मात्र मनात राहिली. शीट दोन्ही कामं एकमेकांपासून स्वतंत्र धरते, आणि प्रत्यक्षात तीच दोन माणसं दोन्हीकडे अडकलेली होती. म्हणून दुसरं टोकही बघितलं: D6 मध्ये `=C6` लिहून खालपर्यंत ओढलं, म्हणजे एक अडलं की दुसरंही अडणार. सरासरी 23 वर आली, कारण आता प्रणाली कधीच डेटाच्या मागे राहत नव्हती. पण आकड्यांचा पसारा वाढला. म्हणून 80 टक्के खात्रीचा आकडा सरासरीइतका उतरला नाही: आधी 25.7 होता, तो आता 25.2 च्या आसपास आला. खरी परिस्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि दोन्हीकडे 26 दिवसांची शक्यता 80 टक्क्यांच्या वरच होती. मी 26 दिवस कळवले आणि सोबत ती टक्केवारीही लिहिली.